लॉक होतो म्हणजे नक्की काय

अंबडच्या आमच्या शेडमध्ये गिऱ्हाईक आलं की माझा भागीदार आधी त्याच्या हातात पाइप देतो. टेबलाला बोल्टने आवळलेला एक वर्म गिअरबॉक्स आमच्याकडे कायम असतो. त्याच्या जाड, हळू फिरणाऱ्या शाफ्टवर हा चार फुटी पाइप अडकवायचा आणि गिऱ्हाइकाला म्हणायचं, "लावा जोर." गिऱ्हाईक जोर लावतं, मानेच्या शिरा ताठ होतात, शाफ्ट तसूभर हलत नाही. मग भागीदार दुसऱ्या बाजूचा बारीक शाफ्ट दोन बोटांनी फिरवतो आणि जाड शाफ्ट मुकाट्याने हळूहळू सरकायला लागतो.

"इकडून फिरतो, तिकडून फिरत नाही. लाइट गेली तरी माल आहे तिथं राहतो. वेगळा ब्रेक नको, काही नको."

तेवढ्यात चहा येतो. चहा संपेपर्यंत ऑर्डर ठरलेली असते.

आम्ही दोघे डिप्लोमाला एका बाकावर होतो. विक्री त्याच्याकडे, ड्रॉइंग आणि हिशेब माझ्याकडे, ही वाटणी पहिल्यापासूनची. त्याला माणसं कळतात, मला आकडे. बोलाचाली होतात, पण शेडचं कुलूप दोघांच्या किल्ल्यांनी उघडतं. पाइपचा प्रयोग मला कधी खटकला नव्हता. त्यात खोटं काही नाही. थंड, थांबलेला, स्थिर टेबलावरचा गिअरबॉक्स असाच वागतो.

वणीच्या रस्त्याला कांदा सुकवण्याचा एक कारखाना आहे. त्याचे मालक मूळचे शेतकरी, आता सगळे त्यांना शेठ म्हणतात. त्यांनीही आमच्याकडे हा पाइप ओढून पाहिला होता. त्यांना हवा होता तिरक्या पट्ट्यासाठी गिअरबॉक्स. खाली बायका कांद्याची शेंडी-मुळी कापून क्रेट भरतात, भरलेले क्रेट पट्ट्यावर ठेवतात, आणि पट्टा ते सहा मीटर वर, काप करणाऱ्या स्लायसरपर्यंत नेतो. एका वेळी पट्ट्यावर डझनभर क्रेट, प्रत्येक क्रेट बावीस किलोचा. पट्टा उलटा सुटला तर सगळे क्रेट खाली बसलेल्या बायकांच्या अंगावर येणार. म्हणून शेठना लॉक होणारा गिअरबॉक्स पाहिजे होता, आणि आम्ही तो दिला. साठास एक. मोटरचे साठ फेरे, तेव्हा पट्टा ओढणाऱ्या ड्रमचा एक.

पहिला हंगाम नीट गेला. दुसऱ्या हंगामात शेठचा फोन आला.

"साहेब, तुमचा डबा लय तापतोय. वर चहा ठिवला तर उकळंल."

"हात लावता येतो का?"

"हात? पोरानं फडकं लावून धरला तरी सोडला. आन् तेल गळतंय. क्रेटमधी काळे ठिपके. माल परत आला तर मी काय करू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिथे गेलो. पट्ट्याच्या तोंडाशी लाकडी पाटावर बायकांची मुकादमीण बसली होती. पेठकडची, पन्नाशीच्या पुढची. सगळे तिला मावशी म्हणतात. दर हंगामाला आपल्या गावच्या बायका घेऊन ती येते, कोणी कुठे बसायचं हे तीच ठरवते, आणि पट्ट्यावर क्रेट ठेवायचं काम तिने स्वतःकडे ठेवलेलं असतं, कारण क्रेट वाकडा बसला तर वर जाऊन अडकतो.

"तुम्ही डबावाले का?" तिने विचारलं.

"हो."

"मंग वर जा. शेठ मला बोलतो, क्रेट घाण केले म्हणून. मी खाली, तेल वर. मी काय फुंकून वर उडवते का?"

गिअरबॉक्स वरच्या टोकाला होता, स्लायसरशेजारी, एकाच लोखंडी सांगाड्यावर. आणि तो मला दिसेना. त्याच्याभोवती निळा प्लास्टिकचा कागद गुंडाळून सुतळीने करकचून बांधला होता. धुण्याचं पाणी उडतं, गंज चढेल, म्हणून कोणीतरी काळजीने केलेलं काम. आपल्याकडे नवीन फ्रिजचं प्लास्टिक वर्षानुवर्षं निघत नाही, तशातलाच हा प्रकार. मी कागद कापून काढला. आतून वाफेसारखी गरम हवा तोंडावर आली. डब्याच्या अंगावर उष्णता जाण्यासाठी असलेल्या कंगोऱ्यांच्या खाचांत कांद्याची टरफलं वाळून चिकटलेली होती. ती खरवडून काढली, हवा जायची झाकणी साफ केली, पट्टा पूर्ण भरून चालू ठेवला आणि वाट पाहत बसलो. माझ्याकडे लांबून तापमान मोजायचं यंत्र आहे. घरी त्यावरून माझी चेष्टा होते, कारण मी त्याने तवा, गिझर आणि एकदा झोपलेल्या मुलाचं कपाळही मोजलं आहे.

कागदासकट एकशे अठरा होतं. कागद काढल्यावर, स्थिर होईपर्यंत थांबून, एकशे पाच. बाहेरची हवा छत्तीस. सुधारणा होती, पण पुरेशी नव्हती. साधं तेल पंच्याण्णवच्या वर पातळ होत जातं आणि लवकर खराब होतं, आणि शंभराच्या पुढे रबराची सीलं कडक होऊन गळायला लागतात.

"गेल्या वर्षी का तापला नाही?" शेठनी विचारलं, आणि प्रश्न बरोबर होता.

"गेल्या वर्षी पट्टा दिवसभर चालत होता का?"

"नाय. तासात दहा-पंधरा मिनिटं. यंदा दुसरा स्लायसर घेतला, आता थांबतच नाय."

तिथेच उत्तर होतं. गिअरबॉक्सला दोन मर्यादा असतात. एक दातांच्या ताकदीची, दुसरी उष्णता बाहेर टाकण्याची. दातांच्या हिशेबाने हा डबा याहून दुप्पट वजन ओढू शकला असता. पण तापण्याच्या हिशेबाने तो थांबत थांबत चालण्यापुरताच होता. अखंड चालवला की दुसरी मर्यादा आधी लागते. वर्मच्या बाबतीत हे जवळजवळ नेहमी असंच होतं.

त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर मी सगळा हिशेब पुन्हा मांडला. बायको भाजी निवडत होती.

"एवढं काय त्यात?" ती म्हणाली. "गरम होतं म्हणजे जास्त काम करतंय."

"काम कमी करतंय म्हणून गरम होतंय."

"आता हे नीट सांग."

मी तिला सांगितलं ते असं. वर्म म्हणजे मुळात एक स्क्रू. त्याच्या आट्यांत ब्राँझच्या चाकाचे दात बसतात. साध्या गिअरमध्ये दात दातावर बऱ्यापैकी लोळतो. इथे मात्र आटा दातावरून सतत घासत सरकतो. आता आटा म्हणजे काय, तर एका दांड्याभोवती गुंडाळलेला चढ. आमच्या गिअरबॉक्समध्ये तो चढ चार अंशांचा. चार अंशांच्या फळीवर कांद्याची गोणी ठेवली तर ती आपणहून खाली घसरत नाही, कारण गोणी आणि फळी यांच्यातलं घर्षण तिला धरून ठेवतं. गिअरबॉक्स लॉक होतो तो याच कारणाने, दुसरी कसलीही कळ त्यात नसते. पण तीच गोणी त्या फळीवरून वर ढकलायची झाली तर? गोणी वर चढवायला जेवढा जोर लागतो, निदान तेवढाच जोर घर्षणाला द्यावा लागतो. कारण घर्षण त्याहून कमी असतं तर गोणी घसरलीच असती. म्हणजे जो वर्म कुठल्याही परिस्थितीत, हमखास लॉक राहतो, तो दिलेल्या शक्तीतली निम्म्याहून कमी कामाला लावतो. उरलेल्या शक्तीची उष्णता होते.

"म्हणजे लॉक पाहिजे तर गरम होणारच," ती म्हणाली.

"होणारच."

"मग तुमचा किती काम देतो?"

"चालू असताना साठ टक्के."

ती थांबली. मेथीची जुडी हातातच. "साठ म्हणजे निम्म्याहून जास्त. मग चालताना लॉक नसतोच की."

नसतोच. चालू असताना दात आणि आटा यांच्यामध्ये तेलाचा थर तयार होतो, घर्षण उतरतं. फळीवर साबणाचं पाणी ओतल्यासारखं. थांबल्यावर तो थर पिळून निघून जातो, धातूला धातू भिडतो, घर्षण पुन्हा दुपटीहून वर जातं, आणि मग लॉक बसतो. हे मला माहीत होतं. पण भाजी निवडता निवडता दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकल्यावर ते मला वेगळं लागलं. मी वणीहून परत येताना फक्त तापमानाचा विचार करत होतो.

तापमानाचा हिशेब सरळ होता. ड्रमला पाऊण किलोवॉट लागतात. साठ टक्क्यांनी मोटरकडून सव्वा किलोवॉट घ्यावे लागतात. मधले पाचशे वॉट त्या ओतीव डब्यातच राहतात. आपल्या घरच्या इस्त्रीच्या निम्मे, पण सबंध दिवस, न थांबता. तो डबा आपल्या पृष्ठभागावरून दर अंशाला सात-एक वॉट हवेत सोडतो. म्हणजे पाचशे वॉट बाहेर जायला हवेपेक्षा सत्तर अंश वर तापायला हवं. छत्तीस अधिक सत्तर. मी मोजलेले एकशे पाच तिथेच येऊन बसतात.

दुसऱ्या दिवशी भागीदाराने तोडगा आणला, आणि तो चांगला होता. सिंथेटिक तेल. हे तेल वर्ममध्ये घर्षण बरंच कमी करतं. साठाचे सत्तर टक्के होतात. नुकसान पाचशे वॉटवरून सव्वातीनशेच्या आत येतं, आणि तापमान ऐंशीच्या आसपास. मोठा डबा बसवायचा तर वर जागा नाही, पंखा लावायचा तर टरफलांनी दोन दिवसांत बुजेल. तेल बदलणं अर्ध्या दिवसाचं काम.

"होल्डबॅक बसवल्याशिवाय हे तेल भरायचं नाही," मी म्हणालो. होल्डबॅक म्हणजे ड्रमच्या शाफ्टवर बसणारी एकाच दिशेने फिरणारी कडी. पट्टा वर जातो तेव्हा ती मोकळी फिरते, उलटा फिरायला लागला की तिच्या आतले बारीक रोलर अडकतात आणि ती जागच्या जागी धरते.

"का?"

"घर्षण कमी करायचं आणि लॉक तेवढाच ठेवायचा, असं होत नाही. लॉक म्हणजेच घर्षण."

"थांबल्यावर तर धरतो ना?"

"साध्या तेलात धरतो. यात चढ आणि घर्षण जवळजवळ बरोबरीला येतात. धरेल, किंवा नाही धरणार. वर स्लायसर हादरत असतो."

"अरे, सगळं मार्केट वर्म विनाब्रेक देतं. कुठे काय झालंय?"

"मला मार्केटचं माहीत नाही. आपल्या पट्ट्याखाली कोण बसतं ते माहीत आहे."

तो मान हलवून गेला. मी ड्रमच्या शाफ्टचं ड्रॉइंग करायला बसलो, कारण होल्डबॅक बसवायला शाफ्टचं एक टोक लांब हवं होतं आणि जुनं टोक बेअरिंगशीच संपत होतं. ड्रॉइंग टेबलावर असतानाच शेठचा फोन आला. आवाज खूश.

"साहेब, मानलं तुम्हाला. एकदम गार."

भागीदाराने फिटरला पाठवून तेल बदलून घेतलं होतं. जुनं तेल पूर्ण काढून, आतून धुऊन, नीट. त्या कामात काही खोट नव्हती. मी त्याच्या केबिनमध्ये गेलो. तो म्हणाला, "माणूस रोज माल परत येण्याची वाट बघत होता. तू ड्रॉइंग करत बसला होतास."

"आता चल माझ्याबरोबर," मी म्हणालो. "आत्ता. आणि पोचेपर्यंत त्यांना पट्टा थांबवायला सांग."

त्याने गाडीतून फोन केला. शेठनी पट्टा थांबवला नाही. आम्ही पोचलो तेव्हा तो भरलेला चालू होता, आणि मावशी पाटावर. वर जाऊन मोजलं, एक्क्याऐंशी. हिशेब बरोबर आला याचा एरवी मला आनंद झाला असता.

"शेठ, बायकांना चहाला पाठवा. सगळ्यांना. खाली कोणी नको."

"कशापायी?"

"पट्टा भरलेला असताना लाइट घालवून बघायची आहे."

"लाइट तर रोज जातीय. तुमच्याच शेडमधी पाइप ओढला का नाय मी? हलला का?"

भागीदार माझ्याकडे बघत नव्हता. मी म्हणालो, "तो थंड होता, साध्या तेलाचा होता, आणि टेबल हादरत नव्हतं. आता गरम आहे, नवीन तेल आहे, शेजारी स्लायसर आहे. तुम्ही म्हणता तसा धरला तर मी मुकाट्याने जातो."

शेठनी हात झटकला, म्हणजे करा काय करायचं ते. बायका उठल्या. मावशी उठली नाही.

"मी बघणार. माझ्या पट्ट्याचं हाय."

"बघा. पण त्या खांबामागून."

ती खांबामागे जाऊन उभी राहिली, पाट मात्र तिथेच राहिला. पट्ट्यावर बारा क्रेट. मी पट्ट्याच्या कडेवर आणि शेजारच्या लोखंडी चॅनेलवर एकाच रेषेत खडूने खूण करायची ठरवली होती. ती पट्टा थांबल्याबरोबर करायची होती. भागीदाराने मेन स्विच खाली ओढला.

मोटर बंद झाली. पट्टा थांबला. मी रेघ मारली. वरच्या स्लायसरची जड चकती मात्र फिरतच होती. लाइट गेल्यावर ती बराच वेळ नुसत्या वेगावर घुमत राहते आणि सगळा सांगाडा बारीक थरथरत असतो. खडूची रेघ एक बोट सरकली. थांबली. मग आणखी दोन बोटं. अशीच थांबत थांबत सरकत राहिली. चकती मंद होत गेली आणि रेघ थांबली, मूळच्या जागेपासून वीतभर खाली.

"एक वीत," शेठ म्हणाले. "त्यानं काय व्हतंय?"

मी लाकडी हातोडा घेतला आणि सांगाड्यावर हलके ठोके मारले. स्लायसरचा हादरा जेवढा असतो, साधारण तेवढेच. तिसऱ्या की चौथ्या ठोक्याला पट्टा पुन्हा हलला, आणि या वेळी थांबला नाही. एकदा दात आट्यावरून सरकायला लागले की मध्ये तेल ओढलं जातं, घर्षण अजून उतरतं, वेग वाढतो आणि वेगाने घर्षण आणखी उतरतं. बंद मोटर उलटी फिरू लागली, तिचा पंखा घूं घूं करायला लागला. खालचा क्रेट पाटावर आदळला, त्यावर दुसरा, मग तिसरा. कांदे शेडभर पसरले. शेवटी तळाशी ढीग झाला आणि वरचे क्रेट त्यालाच अडून थांबले.

मावशी खांबामागून बाहेर आली. ढिगातून तिने पाटाची एक फळी ओढून काढली, उभी चिरलेली.

"शेठ," ती म्हणाली, "माझा पाट गेला."

शेठनी ती फळी तिच्या हातून घेऊन भिंतीला टेकवली. मग म्हणाले, "कमी क्रेट ठिवू. सहाच."

माणूस घाबरला की पहिला विचार हाच करतो, आणि तो चुकीचा आहे हे सांगणं मला भाग होतं. "लॉक वजनावर ठरत नाही. चढ आणि घर्षण, दोनच गोष्टी. ज्या चढावरून बारा क्रेट घसरतात त्यावरून सहाही घसरतात. फक्त अंगावर पडतील ते सहा पडतील."

"मग बंद करू का कारखाना?"

"नाही. आज साधं तेल परत भरतो. पट्टा तासातला अर्धा वेळ चालवा, अर्धा वेळ थांबवा, म्हणजे तापमान आटोक्यात राहील. गळणारी सीलं बदलतो आणि डब्याखाली तेलाचा ट्रे लावतो. पट्ट्याच्या तोंडाशी लोखंडी आडवा कठडा करून देतो, त्याच्या आत कोणी बसायचं नाही. साध्या तेलातही नाही, कारण त्यातही डबा चालताना लॉक नसतो, आणि कधीतरी हादऱ्याने सुटू शकतो. होल्डबॅक बसेपर्यंत एवढं."

"आन् ते कधी बसंल?"

"ड्रम काढावा लागेल. पट्टा पूर्ण रिकामा असलेला एक अख्खा दिवस द्या."

"हंगामात रिकामा दिवस नसतोय साहेब."

"अमावस्येला कांदा येतो का?"

शेठनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. आमच्या भागातल्या बऱ्याच बाजार समित्यांत अजून अमावस्येला लिलाव होत नाहीत. कांदा येत नाही, कारखान्यात नुसती धुलाई असते.

"अमावस्येला नवीन काम?" ते म्हणाले. "घरात बाया बोलतील."

"नवीन नाही. दुरुस्ती," भागीदार म्हणाला. तो आता पुढे आला. "आणि नारळ मी आणतो."

परतीच्या वाटेवर दिंडोरी आली तेव्हा भागीदाराने गाडीचा वेग कमी केला. मग तो म्हणाला, "मला वाटलं तू नेहमीसारखा दशांश चिन्हावर अडलास."

"दशांशच होता, घर्षणाचा."

"आता गिऱ्हाइकाला काय दाखवायचं मी?"

"पाइप दाखव. पण ब्रेक लागतो हेही त्याच वेळी सांग. ऑर्डर घेताना वजन उचलणारं काम असेल तर मी ड्रॉइंगवर ब्रेक किंवा होल्डबॅक नसताना सही करणार नाही."

"ऑर्डरी जातील."

"काही जातील."

यावर त्याने गिअर बदलला. त्याने वाद घातला नाही आणि होही म्हटलं नाही. पण त्या आठवड्यात शाफ्ट आमच्याच लेथवर बसला तेव्हा मापं तपासायला तो स्वतः उभा राहिला, आणि ते त्याचं काम नव्हतं.

अमावस्येच्या सकाळी ड्रम उतरवला. नवीन शाफ्ट, लांब टोक, त्यावर होल्डबॅक, आणि होल्डबॅकला जागच्या जागी धरणारा दांडा सांगाड्यातल्या मजबूत चॅनेलला. होल्डबॅक मी मुद्दाम ड्रमच्या शाफ्टवर घेतला, मोटरवर नाही. मोटरवरचा ब्रेक गिअरबॉक्सच्या दातांमधून पट्टा धरतो. उद्या ब्राँझचे दात झिजून तुटले तर ब्रेक आपल्या जागी आणि पट्टा खाली. ड्रमवरचा थेट पट्ट्याला धरतो. एक धोका त्यातही होता. जनरेटर जोडताना वायरमनने फेज उलटी केली तर मोटर उलटी फिरायला बघेल, होल्डबॅक तिला फिरू देणार नाही आणि मोटर जळेल. म्हणून आधी मोटर आणि गिअरबॉक्स जोडणारं कपलिंग सोडून मोटर नुसती फिरवून दिशा पाहिली, आणि फेज उलटी आल्यास मोटर चालूच होऊ न देणारा रिले पॅनेलमध्ये घातला. भागीदाराने नारळ फोडला, शेठच्या घरच्यांसाठी अर्धा ठेवला.

आता सिंथेटिक तेल भरलं. पुढच्या दिवशी कांदा आला, पट्टा दिवस चढेपर्यंत अखंड चालवला. ऐंशी. मग बायकांना बाजूला घेऊन, पट्टा भरलेला असताना स्विच ओढला. स्लायसरची चकती घुमत राहिली, सांगाडा थरथरत राहिला. होल्डबॅकमधून एक बारीक टक् आवाज आला आणि रेघ रेघेवरच राहिली. मी हातोड्याने ठोकलं. भागीदाराने ठोकलं. शेठनी हातोडा हातात घेऊन आमच्या दोघांपेक्षा जोरात ठोकलं.

"बसला," ते म्हणाले.

मी त्यांना तेव्हाच सांगितलं की पुढच्या हंगामाआधी हा वर्मच काढून टाकू. आता धरायचं काम होल्डबॅक करतो, तर गिअरबॉक्सला लॉक व्हायची गरज नाही. तिरक्या दातांचा गिअरबॉक्स शंभरातले चौऱ्याण्णव कामाला लावतो. पाचशे वॉटच्या जागी पन्नासही वाया जाणार नाहीत, तळहात ठेवता येईल. जिथे पट्टा थोडा वेळ चालतो, तिथे वर्म अजूनही चांगला. स्वस्त, आटोपशीर, आवाज नाही. इथे तो चुकीच्या जागी होता, आणि तो देणारे आम्ही होतो.

"पुढच्या हंगामाचं पुढच्या हंगामाला," शेठ म्हणाले. पण त्यांनी नकार दिला नाही.

मावशी कठड्याजवळ उभी होती. "मंग आता हे लोखंड काढा. मला क्रेट ठेवायला लांबून वाकावं लागतंय. पाठ जाती."

"कठडा राहणार, मावशी."

"आता तर धरतोय ना तुमचा डबा?"

"धरतो. तरी पट्ट्याच्या तोंडाशी बसायचं नाही."

"तुमचाच भरोसा नाय तुमच्यावर?"

"एका कडीवर तुमची पाठ ठेवणार नाही, एवढंच."

तिने शेठकडे पाहिलं. शेठनी माझ्याकडे. मी टेप काढला आणि कठड्यापासून तिच्या नवीन पाटापर्यंतचं अंतर मोजलं. तेवढ्या लांबीचा, मोकळ्या फिरणाऱ्या रोलरचा तक्ता बाजूने लावला, तर भरलेला क्रेट एका हाताने ढकलून पट्ट्यावर जातो, वाकावं लागत नाही. आमच्या शेडमध्ये जुने रोलर पडलेच होते. भागीदार म्हणाला, "उद्या संध्याकाळपर्यंत पाठवतो." मावशीने उंची किती ठेवायची ते स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवून दाखवलं. मी आकडा लिहून घेतला.

तिने एकदा पुन्हा तपासून घेतलं. "आन् हा रोलरपण तापणार का?"

"नाही," मी म्हणालो. "तो लॉक होत नाही."